न्यूझीलंडला दोन वर्षं, आपल्याला अकरा

नोव्हेंबर १९८४च्या अर्थसंकल्पात न्यूझीलंडचे अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी जीएसटी आणणार असं सांगितलं आणि १ ऑक्टोबर १९८६ला तो लागूही झाला. आपल्याकडे पी. चिदंबरम यांनी ही घोषणा २००६ साली केली. मुहूर्त होता १ एप्रिल २०१०चा. कर आला १ जुलै २०१७ला. अशा वेळी आपण नेत्यांच्या नावाने बोटं मोडतो. जॉर्ज त्सेबेलिस या राज्यशास्त्रज्ञाने मात्र आधी मोजदाद करायला सांगितलं: ज्यांच्या होकाराशिवाय बदल होऊच शकत नाही, असे किती जण आहेत? त्यांना तो ‘व्हेटो प्लेयर्स’ म्हणतो. आपण ‘नकाराधिकारी’ म्हणू.

न्यूझीलंडमध्ये वरिष्ठ सभागृह १९५१पासून नाही, घटकराज्यं नाहीत आणि तेव्हा सत्ता एकट्या मजूर पक्षाची होती. म्हणजे नकाराधिकारी एकच. आपल्याकडे घटनादुरुस्ती हवी होती: दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं, वर निम्म्या राज्य विधानसभांची संमती.

पण नुसती डोकी मोजून भागत नाही, असंही त्सेबेलिस म्हणतो. दहा जण एकाच मताचे असतील तर ते एकासारखेच. दोघं दोन टोकांना असले, तर दोघांनाही आजच्यापेक्षा बरा वाटेल असा पर्याय सापडणं कठीण. काँग्रेस सत्तेत असताना भाजपशासित गुजरात, मध्य प्रदेश अडून बसले होते. २०१४ला सत्ता पालटली, लोकसभेने मे २०१५मध्ये विधेयक मंजूरही केलं, आणि मग राज्यसभेत काँग्रेसने पाय रोवले. माणसं तीच, खुर्च्या बदललेल्या.

हे अंतर शेवटी पैशाने कमी झालं. माल बनवणाऱ्या राज्यांना भीती होती की कर खपाच्या ठिकाणी जाईल. मुंबईच्या जकातीचाही प्रश्न होताच. केंद्राने १४ टक्के वार्षिक वाढ धरून पाच वर्षं भरपाईची हमी दिली. ऑगस्ट २०१६मध्ये राज्यसभेत विधेयक २०३ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं. एवढी वर्षं अडलेल्या गोष्टीला शेवटी विरोधात एक मत नाही!

जीएसटी परिषदेतही नकाराधिकार शिल्लक आहेच. तिथे निर्णयाला तीन-चतुर्थांश मतं लागतात. केंद्राकडे एक-तृतीयांश मतं आहेत, त्यामुळे ते एकटंच कोणताही निर्णय अडवू शकतं. उरलेली मतं ३१ सदस्यांत सारखी वाटलेली आहेत. सगळे हजर असतील तर त्यांतले बारा एकत्र आले की तेही अडवू शकतात.

पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायला तर आता घटनादुरुस्तीही नको, परिषदेची शिफारस पुरे. ती येत नाही, कारण इंधनावर आपापला कर लावण्याची आजची सोय केंद्रालाही हवी आहे आणि राज्यांनाही. एकमेकांशी भांडणारे नकाराधिकारी इथे एकाच बाजूला बसले आहेत.