सहज कुतूहल : बाईंना ‘आई’ का म्हटलं?

बाळकुमच्या शाळेत, तिसरीत असताना, मी वही उंचावून ओरडलो, “आई, झालं!”

वर्ग चिडीचूप.

बाईंनी शांतपणे विचारलं, “गणितच ना?”

मग जो हशा पिकला!

चूक होती मेंदूच्या कप्प्यांची. तो नावं नात्यांप्रमाणे एकत्र ठेवतो. माया करणाऱ्या, रागावणाऱ्या मोठ्या बायका एकाच कप्प्यात. घाईत हात घातला की सर्वांत जास्त वापरातलं नाव आधी लागतं. आजी नाही का, नातवाला हाक मारताना आधी काकाचं, मग बाबांचं नाव घेते! २०१६मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना या गोंधळात घरच्या कुत्र्याचंही नाव आढळलं. म्हणजे गोंधळ व्हायला आधी घरचं व्हावं लागतं. बाईंना बहुधा ते ठाऊक होतं. त्या हसल्या नव्हत्या.