तोंडाआधी मागचे पाय पाहा

कुत्र्याचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवले की नजर आधी त्याच्या तोंडाकडे जाते. नाकाभोवतीचे केस पांढरे झालेले दिसतात आणि आपण म्हणतो, ‘म्हातारा झाला’. पण वय सांगायला हा पांढरेपणा फारसा भरवशाचा नाही. केसांना रंग देणाऱ्या पेशी थकल्या की केस पांढरे होतात. हे कधी घडेल ते बरंचसं आनुवंशिकतेवर अवलंबून असतं. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते चार वर्षांची 400 कुत्री पाहिली, तेव्हा अकाली पिकलेल्या तोंडाचा संबंध भित्र्या, अस्वस्थ स्वभावाशी आढळला. त्यातून भीतीमुळेच केस पिकतात असं सिद्ध होत नाही, पण पांढरं तोंड म्हणजे म्हातारपण हे समीकरण नक्कीच मोडतं. शिवाय या पांढरेपणाने कुत्र्याला काही दुखत नाही.

दुखणं दिसतं ते मागच्या बाजूला. समजा, एका लॅब्रेडॉरचे सातव्या आणि अकराव्या वर्षी बाजूने काढलेले दोन फोटो आहेत आणि दोन्ही वेळा वजन 32 किलोच आहे. पहिल्यात मांडी भरलेली आहे. दुसऱ्यात ती सपाट झाली आहे, खुब्याचं हाड वर आलं आहे, पाठीला किंचित बाक आहे, मागचे पाय पोटाखाली ओढलेले आहेत आणि मान खाली झुकली आहे. वजन तेवढंच, म्हणजे तब्येतही तशीच, असं घरचे म्हणतील. पण स्नायू झिजून त्यांची जागा चरबीने घेतली तरी काटा हलत नाही. ‘दुखत असतं तर ओरडला असता’ हा आक्षेपही टिकत नाही, कारण संधिवाताचं रेंगाळणारं दुखणं कुत्री सहसा ओरडून सांगत नाहीत. ती दुखऱ्या पायावरचा भार हळूहळू पुढच्या पायांवर घेतात; मागचा पाय कमी वापरला जातो, स्नायू आणखी झिजतो आणि सांध्याचा आधार आणखी कमी होतो. थोडी झीज वयानेही होते, हे खरं. पण एकाच मांडीची झीज जास्त असेल तर ती निव्वळ वयाची मानता येत नाही.

फोटो फसवूही शकतो. मोबाइल तोंडाजवळ धरला की डोकं मोठं आणि पुठ्ठा बारीक येतो. दाट केसांत हाडं लपतात. म्हणून सपाट जमिनीवर कुत्रा आपणहून उभा असताना, चार-पाच पावलं दूर बसून, कॅमेरा त्याच्या खांद्याच्या उंचीवर धरून दर तीन महिन्यांनी बाजूने आणि मागून फोटो काढावा, आणि कणा, खुबा, मांड्या हातांनी चाचपाव्यात. फरक जाणवला तर ते फोटो घेऊन पशुवैद्याकडे जावं, कारण अशी झीज मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारानेही होते, आणि ती कशाने झाली हे तपासणीशिवाय ठरत नाही. तोवर घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.