परत आलेल्या तासांचा हिशेब

टाइमशीट मंजुरीची पद्धत शेवटच्या तारखेकडून मागे येत आखावी लागते. कायद्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. एखादी बारा जणांची इमारत-डिझाइनची फर्म घेऊ. तिथे टाइमशीटवरूनच ग्राहकांना तासांप्रमाणे बिल जाते आणि पगारात ओव्हरटाइम धरला जातो. हिशेबनिसाला पगारासाठी दोन दिवस लागत असतील, तर तासांचे आकडे ४ तारखेला पक्के हवेत. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी टाइमशीट सादर होते, १ तारखेला तपासणी, २ तारखेला दुरुस्ती आणि ३ तारखेला फेरतपासणी. मध्ये रविवार आला तरी एक दिवस हाताशी राहतो.

महिनाभराची टाइमशीट एकदम भरायची पद्धत मात्र टाळावी. तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी काय केले, हे कोणालाच आठवत नाही. मग रोज आठ तास, सगळे एकाच प्रोजेक्टवर, असा गुळगुळीत तक्ता तयार होतो. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत त्या आठवड्याची टाइमशीट सादर झाली आणि सोमवारी दुपारपर्यंत तपासली गेली, तर महिनाअखेरीला फक्त उरलेले दिवस तपासायचे राहतात.

तपासणारा कोण, हा खरा प्रश्न. लहान फर्ममध्ये हे काम बहुधा मालकाकडे जाते आणि तिथेच तुंबते. त्यापेक्षा प्रोजेक्टचा टीम लीड बरा, कारण बीमच्या ड्रॉइंगला चार तास लागतात की अकरा, हे त्याला कळते. हिशेबनीस दुसरी, वेगळी तपासणी करतो: कोड चालू प्रोजेक्टचा आहे का, एकूण तास हजेरीशी जुळतात का, रजेच्या दिवशी काम दाखवले आहे का. टीम लीडने स्वतःचे तास स्वतः मंजूर करायचे नाहीत. ते मालकाकडे जातात. टीम लीड रजेवर असेल तेव्हा कोण तपासणार, त्याचे नावही आधीच ठरवून ठेवावे. बहुतेक पद्धती इथेच अडतात.

काही सॉफ्टवेअरमध्ये मुदत टळली की नोंद आपोआप मंजूर करण्याची सोय असते. ती बंद ठेवलेली बरी. मुदत टळल्यावर नोंद पर्यायी तपासणाऱ्याकडे गेली, तर काम थांबत नाही आणि न वाचलेले तास बिलातही जात नाहीत.

आता नाकारलेल्या नोंदीकडे. समजा, एका इंजिनिअरच्या आठवड्यात ४५ तास आहेत. त्यातले बुधवारचे ३ तास साइट व्हिजिट म्हणून शाळेच्या इमारतीच्या कोडवर पडले आहेत. प्रत्यक्षात ती व्हिजिट गोदामाची होती. टीम लीडने पूर्ण टाइमशीट परत केली, तर बरोबर असलेले ४२ तासही अडकतात. म्हणून फक्त ती ओळ परत जायला हवी, तीही कारणासह. ‘चूक आहे, बघा’ एवढ्याने भागत नाही. ‘बुधवारी शाळेच्या साइटवर काम बंद होते, कोड तपासा’ असे लिहिले की एका फेरीत काम होते. दुरुस्ती इंजिनिअरनेच करायची. टीम लीडने परस्पर आकडा बदलला, तर पुढे ग्राहकाने हरकत घेतल्यावर तास नेमके कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, ते सांगता येत नाही. जुनी नोंद, कारण, नवी नोंद आणि तिन्हींच्या वेळा जपून ठेवाव्यात.

या फेऱ्यांनाही मर्यादा हवी. तीच ओळ दुसऱ्यांदा परत आली की लेखी देवाणघेवाण थांबवून दोघांनी समोरासमोर बसावे. तरी मिटले नाही तर मालकाने निर्णय द्यावा. वाद चालू असेपर्यंत ते ३ तास ग्राहकाच्या बिलातून बाहेर राहतात. पगार मात्र अडवायचा नाही: माणूस त्या दिवशी कामावर होता हे हजेरीवरून दिसतेच, वाद फक्त तास कोणाच्या खात्यावर टाकायचे एवढाच आहे. पगार आणि बिल एकाच मंजुरीला बांधल्यामुळे कोडच्या चुकीसाठी माणसाचे पैसे रखडतात. ही आखणीतली सगळ्यात महागडी चूक म्हणावी लागेल.

पद्धत नुसती कागदावर उरली की काय, हे मंजुरीच्या वेळा पाहून कळते. सोमवारी मुदतीच्या पाच मिनिटे आधी सहा जणांच्या टाइमशीट एका मिनिटात मंजूर झाल्या असतील, तर त्या कोणी वाचलेल्या नाहीत. महिनोन्‌महिने एकही ओळ परत गेली नसेल, तरीही तोच संशय घ्यावा. उलट एकाच माणसाच्या ओळी सतत परत येत असतील, तर बहुधा कोडची यादीच गोंधळात टाकणारी असते. एकाच ग्राहकाची दोन कामे जवळजवळ सारख्या नावांनी नोंदलेली आढळतात.

३ तारखेला महिना बंद झाल्यावर जुन्या नोंदीला कोणी हात लावायचा नाही. गोदामाची चूक १० तारखेला सापडली, तर चालू महिन्यात शाळेच्या कोडवर उणे ३ आणि गोदामाच्या कोडवर अधिक ३ अशा दोन ओळी, मूळ तारखेचा उल्लेख करून, घालायच्या आणि त्याही टीम लीडकडून मंजूर करून घ्यायच्या.