ओल्या बुटांचा प्रश्न

मुलांनी खेळाडूंना लिहिलेल्या पत्रांत बरीचशी पत्रं मुलांची नसतातच. ‘आदरणीय सर, आपण देशाचे भूषण आहात, आपली जिद्द आम्हांस सदैव प्रेरणा देते’ असं दहा-अकरा वर्षांचं पोर बोलत नाही. हे मागे उभ्या असलेल्या बाबांचं नाहीतर बाईंचं वाक्य. ओळखायची खूण सोपी आहे. पत्रातलं नाव खोडून तिथे दुसऱ्या कोणत्याही खेळाडूचं नाव घाला. पत्र तरीही तसंच चालत असेल, तर ते कुणालाच लिहिलेलं नाही.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. तो ३००० मीटर स्टीपलचेस पळतो. या शर्यतीत २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवॉटने ८ मिनिटं ११.१५ सेकंदांत शर्यत जिंकली. अविनाशला लागली ८ मिनिटं ११.२० सेकंदं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवलं. मुलाला पत्र लिहायला बसवलं की मोठी माणसं हीच माहिती त्याच्या वहीत उतरवून देतात. पण ती अविनाशला आधीच पाठ आहे. त्याला माहीत नाही ते एवढंच, की त्याची शर्यत पाहताना या पोराच्या घरात काय झालं.

म्हणून ‘तुला तो का आवडतो?’ असं विचारू नये. त्याला ‘जिद्दी आहे म्हणून’ हेच उत्तर येतं. ‘तू काय पाहिलंस? तेव्हा तू कुठे बसली होतीस? काय कळलं नाही?’ असं विचारावं. सहावीतल्या एखाद्या मुलीकडून मग साधारण असं पत्र येईल. हा माझा नमुना आहे:

‘अविनाशदादा,
तुमची बर्मिंगहॅमची शर्यत मी बाबांच्या मोबाइलवर पाहिली. तुम्हाला चांदीचं पदक मिळालंय हे मला आधीच माहीत होतं. तरी शेवटी मी “पळा, पळा” ओरडले. आजी दचकून उठली. मला वाटलं, या वेळी तुम्ही जिंकाल.

बाबा म्हणाले, तुम्ही लहानपणी सहा किलोमीटर लांबच्या शाळेत जायचात. माझी शाळा जवळ आहे. मी फक्त उशीर झाला की पळते.

मला एक विचारायचंय. पाण्यात उडी मारल्यावर बूट ओले होतात. माझे ओले झाले की टाच सोलते. तुमची नाही का सोलत? की तुम्ही मोजे घालत नाही?’

‘मला वाटलं, या वेळी तुम्ही जिंकाल’ हे वाक्य कुणी सांगून लिहिता येत नाही. शर्यत होऊन गेली आहे, निकाल ठाऊक आहे, तरी आशा सुटत नाही. मोठा माणूस हे वाक्य तर्काला धरून नाही म्हणून कापेल, आणि पत्रातला जीवच जाईल. ‘उशीर झाला की पळते’ यात कसलीही बढाई नाही. माझ्या मते पत्राची सगळी मजा त्या ओळीत आहे.

बुटांचा प्रश्न भाबडा वाटतो, पण तो नेमक्या जागी बसतो. अडथळ्याला लागून खड्डा सर्वांत खोल असतो आणि पुढे तो उथळ होत जातो. जितकी लांब उडी, तितकं कमी पाणी. तरी सात वेळा पाय भिजतोच, आणि तसंच पुढे पळायचं. हा प्रश्न क्रिकेटपटूला विचारता येणार नाही, भालाफेकपटूलाही नाही. शिवाय त्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. ‘यशाचं रहस्य काय?’ याला उत्तर द्यायचं तर खेळाडूला भाषणच करावं लागेल.

शुद्धलेखन तपासायचं ते वाचताना अडू नये इतपतच. खाडाखोड राहू द्यावी. मात्र सही, बूट, फोन नंबर यांची मागणी पत्रात शिरली की आधीचं सगळं प्रस्तावना वाटू लागतं, तेव्हा ती काढायला सांगावी. न पाहिलेली शर्यत ‘पाहिली’ म्हणून लिहू देऊ नये. तसं पत्र तपशिलात लगेच घसरतं.

पत्ता भारतीय ॲथलेटिक्स महासंघाच्या कार्यालयाचा घालावा आणि पाकिटावर खेळाडूचं नाव ठळक लिहावं. उत्तरासाठी घरचा पत्ता देण्याऐवजी शाळेला विचारून शाळेचा द्यावा आणि तिकीट लावलेलं कोरं पाकीट आत ठेवावं. पत्राचा फोटो समाजमाध्यमांवर टाकायचाच असेल, तर मुलीचं नाव आणि शाळा झाकावी. आणि उत्तर येईलच असं तिला सांगू नये. स्पर्धांच्या हंगामात खेळाडू परदेशी सरावात असतात आणि पत्रं कार्यालयात पडून राहतात.