कच्छच्या रणातली रेघ

सीमावाद कसे सोडवले जातात, या प्रश्नाला बारावीच्या राज्यशास्त्रात वाटाघाटी, लवाद आणि न्यायालय असे तीन मुद्द्यांचे ठरलेले उत्तर असते. ते चुकीचे नाही. पण ते वाचून असे वाटते की तीन दरवाजे शेजारी शेजारी उघडे आहेत आणि देशाने हवा तो निवडायचा. प्रत्यक्षात एक वाट खुंटल्यावर दुसरी शोधावी लागते, आणि तिथेही समोरचा यायला तयार असावा लागतो. एकाच वादाने या तिन्ही वाटा कशा तुडवल्या, ते कच्छच्या रणात पाहायला मिळते.

रण म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि उन्हाळ्यात मिठाने पांढरी पडणारी सपाट जमीन. तिच्या उत्तर भागात थोडे उंचवटे आहेत, त्यांना बेट म्हणतात. तिथे गवत उगवते, म्हणून गुरे चारायला माणसे येतात. इंग्रजी अमदानीत रणाच्या उत्तरेला सिंध आणि दक्षिणेला कच्छ संस्थान होते. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे या सीमेचा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या दप्तरात साठत गेला. 1914 साली याच सरकारच्या ठरावाने सीमेचा पश्चिमेकडचा तुकडा मिटवला. उरलेल्या रणात मात्र जमिनीवर स्पष्ट रेघ कधी आखली गेली नाही. फाळणीनंतर सिंध पाकिस्तानात गेला आणि कच्छ भारतात आले, तेव्हा जुन्या दप्तरातली ती अपुरी नोंद दोन देशांची सीमा झाली.

भारताचे म्हणणे, संपूर्ण रण कच्छचे, म्हणून सीमा रणाच्या उत्तर काठाने जाते. पाकिस्तान म्हणे, रण हे समुद्रासारखे आहे आणि दोन किनाऱ्यांमधली सीमा मध्यातून जायला हवी, म्हणजे साधारण 24 व्या अक्षांशाने. या दोन रेघांमध्ये सुमारे 3,500 चौरस मैल प्रदेश येत होता. 1959-60 च्या वाटाघाटींत एवढेच ठरले की दोघांनी आणखी कागदपत्रे गोळा करावीत आणि पुन्हा बोलावे. एप्रिल 1965 मध्ये कंजरकोट, सरदार चौकी आणि बियार बेट परिसरात गोळीबार सुरू झाला.

ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मध्यस्थी केली आणि 30 जून 1965 रोजी करार झाला. या कराराची कलमे नीट वाचली पाहिजेत, कारण पुढचे सगळे यश त्यांत आहे. सैन्याने 1 जानेवारी 1965 ची स्थिती परत आणायची. मग दोन्ही देशांच्या मंत्र्यांनी बसून बोलायचे. दोन महिन्यांत तोडगा निघाला नाही तर तिघांचा लवाद. प्रत्येक देशाने एक सदस्य नेमायचा, पण तो भारताचा किंवा पाकिस्तानचा नागरिक नसावा. अध्यक्ष दोघांनी मिळून निवडायचा, आणि एकमत झाले नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी. सर्वांत महत्त्वाचे कलम शेवटी होते: निवाडा दोघांवर बंधनकारक राहील आणि कोणत्याही कारणाने त्याला आव्हान देता येणार नाही.

निकाल काय लागेल हे माहीत नसताना दोन्ही सरकारांनी हे लिहून दिले. ठरलेली मंत्र्यांची बैठक झालीच नाही. सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांत युद्ध पेटले. तरीही कोणी करार मोडला नाही, आणि लवाद नेमला गेला. ही गोष्ट मला निवाड्याइतकीच मोलाची वाटते.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे का गेले नाहीत, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्या न्यायालयापुढे एखाद्या देशाला त्याच्या संमतीशिवाय उभे करता येत नाही. भारताने न्यायालयाचा अधिकार मान्य करताना राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद बाहेर ठेवले होते, आणि पाकिस्तान तेव्हा राष्ट्रकुलात होता.

लवाद जिनिव्हात बसला. भारताने युगोस्लाव्हियाचे आलेश बेबलर यांना, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला इंतेझाम यांना नेमले. अध्यक्षावर एकमत झाले नाही, म्हणून सरचिटणीस ऊ थांट यांनी स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन यांना नेमले. त्यांच्यापुढे शेकडो नकाशे आले. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे अनेक दशके सीमा रणाच्या उत्तर काठाने दाखवत होते आणि इंग्रज सरकारने त्यांना हरकत घेतली नव्हती. भारताची बाजू इथे भक्कम होती. पण नकाशावरच्या रेघेपुढे लवादाने दुसरा प्रश्न ठेवला: तिथे प्रत्यक्ष कारभार कोणी केला? धारा बन्नी आणि छाड बेट इथे गुरचराईवर आणि पोलिसांच्या कामात सिंधचा अंमल सातत्याने चालल्याचा पुरावा सापडला. कच्छचा तसा पुरावा नव्हता.

19 फेब्रुवारी 1968 रोजी निवाडा आला. वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे 90 टक्के भाग भारताकडे राहिला. कंजरकोट, धारा बन्नी, छाड बेट आणि नगरपारकरजवळचे रणाचे दोन चिंचोळे फाटे पाकिस्तानला मिळाले. हे फाटे पाकिस्तानी भूमीने वेढलेले आहेत, ते परके राहिले तर तिथे सतत कुरबुरी होतील, असे कारण अध्यक्षांनी दिले. निवाडा दोन विरुद्ध एक असा होता. बेबलर भारताचा संपूर्ण दावा मानत होते. इंतेझाम यांना सुरुवातीला रणाच्या उत्तर अर्ध्या भागावर पाकिस्तानचा हक्क सिद्ध झाला असे वाटले होते, पण शेवटी ते अध्यक्षांच्या मतात सामील झाले.

भारतात संताप उसळला. संसदेत टीका झाली, जनसंघाने कच्छमध्ये सत्याग्रह केला. तिसरा टप्पा इथे सुरू होतो, तो आपल्याच सर्वोच्च न्यायालयात. मगनभाई पटेल आणि इतरांनी याचिका केल्या. त्यांत पुण्यात जन्मलेले समाजवादी खासदार मधु लिमयेही होते. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. बेरुबारी प्रकरणात याच न्यायालयाने 1960 साली सांगितले होते की देशाचा भूभाग परक्या राष्ट्राला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते. मग सरकार नुसत्या आदेशाने छाड बेट कसे देणार?

सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने 9 जानेवारी 1969 रोजी याचिका फेटाळल्या. आपला ठरलेला प्रदेश देणे वेगळे, आणि कुठून जाते हेच नक्की नसलेली सीमा निश्चित करणे वेगळे, असे न्यायालयाने म्हटले. दुसऱ्या गोष्टीसाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. म्हणजे रेघ कुठे असावी यावर न्यायालय बोललेच नाही. रेघ मान्य करण्याचा अधिकार सरकारला आहे का, एवढ्याचेच उत्तर त्याने दिले. उत्तरपत्रिकेत हा फरक लिहिणारा विद्यार्थी विषय समजला, असे मी म्हणेन.

मराठी वाचकाच्या मनात इथे बेळगाव येणारच. पण तो वाद एकाच देशातल्या दोन राज्यांचा आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. महाजन आयोगाने 1967 साली अहवाल दिला, पण तो मान्य करण्याचे बंधन महाराष्ट्राने आधी स्वीकारलेले नव्हते आणि त्याने तो नाकारला. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा केला, तो अजून प्रलंबित आहे.

कच्छची रेघ खांब रोवून 1969 मध्ये जमिनीवर उतरली आणि 1971 च्या युद्धानंतरही तीच सीमा कायम राहिली. पण रणाच्या पश्चिम टोकाला, 1914 च्या ठरावाने मिटला असे समजून दोघांनीही लवादापुढे न ठेवलेला तुकडा होता. त्याच्याच टोकाला सर क्रीक ही खाडी आहे. सीमा तिच्या पूर्व काठाने की मध्यातून, हा वाद नंतर उभा राहिला. त्यावर वाटाघाटींच्या अनेक फेऱ्या झाल्या आणि तो आजही सुटलेला नाही.