ऑर्डर कन्फर्म झाली, मग किंमत चुकीची कशी?

सांगलीतलं एक कुटुंब आहे असं समजा. जुनं वॉशिंग मशीन बंद पडलंय. रविवारी रात्री एका शॉपिंग साइटवर त्यांना हवं ते मशीन १६,९९० रुपयांना दिसतं. छापील किमतीवर काट मारून शेजारी ‘३२ टक्के सूट’ असं लिहिलेलं आहे. नेहमीचा दर २४,९९० रुपये. ते ऑर्डर देतात, यूपीआयने पैसे भरतात. दोन मिनिटांत ईमेल येतो: ऑर्डर कन्फर्म, शुक्रवारी घरपोच मिळेल. बुधवारी दुसरा संदेश येतो: ‘लिस्टिंगमध्ये किंमत चुकून टाकली गेल्यामुळे आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे. रक्कम पाच ते सात दिवसांत परत मिळेल.’ तेच मशीन साइटवर आता २४,९९० रुपयांना आहे.

अशा वेळी बहुतेक लोक चार दिवस चरफडतात आणि गप्प बसतात. पैसे परत मिळाले, म्हणजे नुकसान काय झालं, असंच घरातले म्हणतात. पण नुकसान झालेलं असतं, आणि ते मोजता येतं. कसं, ते कायद्यातच लिहून ठेवलेलं आहे.

आधी विक्रेत्याची बाजू पाहू, कारण ती अगदीच पोकळ नाही. दुकानाच्या काचेमागे साडीवर लावलेली किंमत म्हणजे कायद्याच्या भाषेत विकण्याचं वचन नव्हे. ‘या, बघा, मागणी करा’ असं ते आमंत्रण असतं. गिऱ्हाईक मागणी करतं आणि दुकानदार ती स्वीकारतो, तेव्हा करार होतो. वेबसाइटवरच्या किमतीलाही हेच लागू पडतं. म्हणून अनेक साइट आपल्या अटींमध्ये लिहून ठेवतात, की तुमची ऑर्डर हा केवळ प्रस्ताव आहे आणि पार्सल रवाना झाल्याचा संदेश पाठवल्यावरच आम्ही तो स्वीकारला असं समजावं. तुमचा पहिला ईमेल याच कारणासाठी नीट वाचायचा. ‘आपली ऑर्डर आम्हाला मिळाली’ आणि ‘आपली ऑर्डर निश्चित झाली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं वाक्य असेल, पैसे खात्यातून गेलेले असतील आणि वस्तू येण्याची तारीखही दिलेली असेल, तर करार झालाच नव्हता हे सांगणं विक्रेत्याला बरंच जड जातं.

करार झाला असं धरलं, तर ‘आमची चूक झाली’ एवढ्यावर तो मोडता येत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं २२ वं कलम एका वाक्याचं आहे: फक्त एका पक्षाची वस्तुस्थितीबद्दल गैरसमजूत झाली होती, एवढ्याच कारणावरून करार रद्द करता येत नाही. दोन्ही पक्ष एकाच महत्त्वाच्या गोष्टीबद्दल चुकले असतील तर २० वं कलम लागतं आणि करार निरर्थक ठरतो. पण किंमत टाकताना विक्रेत्याचा माणूस चुकला असेल आणि गिऱ्हाइकाने ती खरी समजून विश्वासाने पैसे भरले असतील, तर ती चूक एकाच बाजूची आहे.

‘खरी समजून’ हे शब्द मात्र इथे फार महत्त्वाचे आहेत. सिंगापूरमधला एक खटला जगभर शिकवला जातो. २००३ साली तिथल्या एका कंपनीच्या साइटवर ३,८५४ सिंगापूर डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरना लागला. सहा मित्रांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. त्यांना कन्फर्मेशनचे ईमेलही मिळाले. तरीही ते हरले, आधी उच्च न्यायालयात आणि मग २००५ मध्ये अपिलातही. रात्री त्यांनी एकमेकांना पाठवलेले संदेश आणि मागवलेली संख्या पाहून न्यायालयाने म्हटलं, की ही किंमत चुकलेली आहे हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याची चूक दिसत असताना ती झडप घालून पकडणाऱ्याला न्यायालय हात देत नाही.

आपल्याकडच्या ओडिशातल्या प्रकरणात मात्र निकाल वेगळा लागला. डिसेंबर २०१४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याने ॲमेझॉनवर १९० रुपयांना दिसणारा लॅपटॉप मागवला; त्याची मूळ किंमत २३,४९९ रुपये होती. ऑर्डर कन्फर्म झाली आणि काही तासांत किमतीचं कारण देऊन रद्द करण्यात आली. जिल्हा मंचाने दिलेली भरपाई राज्य ग्राहक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये वाढवली: मनस्तापाची आणि दंडात्मक भरपाई मिळून ४०,००० रुपये, शिवाय खर्चाचे ५,०००. जाहिरातीला प्रतिसाद देऊन ऑर्डर केली आणि ती कन्फर्म झाली, म्हणजे करार पूर्ण झाला, अशी आयोगाची भूमिका होती. पण लॅपटॉप १९० रुपयांत द्या, असा आदेश झाला नाही. पैशांत भरपाई मिळाली, आणि त्यालाही सहा वर्षं लागली.

माझ्या मते या निकालावर विसंबून १९० रुपयांच्या लॅपटॉपसाठी भांडायला जाऊ नये. सणासुदीच्या सेलमध्ये ३०–४० टक्के सूट रोज दिसते. ती खरी वाटणं स्वाभाविक आहे. ९९ टक्के सूट खरी वाटली असं शपथेवर सांगणं अवघड आहे. सांगलीच्या कुटुंबाची बाजू भक्कम आहे ती यामुळेच. किंमत पटण्यासारखी होती, सुटीची टक्केवारी साइटनेच छापली होती, आणि मशीन एकच, घरच्या वापरासाठी मागवलं होतं. हीच पाच मशीनं मागवली असती तर विक्रेत्याने ‘हे विकण्यासाठी घेत होते’ असं म्हटलं असतं, आणि विकण्यासाठी घेणारा माणूस कायद्याने ग्राहकच ठरत नाही.

करार झाला की नाही या वादात अडकून पडण्याची गरज नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित व्यापार प्रथा’ कशाला म्हणायचं ते कलम २(४७) मध्ये सांगितलं आहे. स्वस्त दराने विकण्याचा हेतूच नसताना तशी जाहिरात करणं हा त्यातलाच एक प्रकार आहे. ‘आधी एवढे, आता एवढे’ अशी काट मारलेली किंमत या व्याख्येत चपखल बसते. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अशा आमिषाच्या जाहिरातींवर स्वतंत्र कलम आहे: सांगितलेल्या किमतीला वस्तू देता येईल अशी वाजवी शक्यता नसेल, तर तशी जाहिरात करायची नाही. त्यामुळे रद्द झाल्याचा संदेश आल्यावर तीच वस्तू दुसऱ्या दिवशीही त्याच किमतीला दिसते का, हे आवर्जून पाहावं. दिसत असेल तर ‘चूक’ हे कारण तिथेच कोसळतं. तो स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घ्यावा.

पुरावा लवकर नाहीसा होतो. लिस्टिंग बदलतं, ॲपमधलं ऑर्डरचं पान ‘रद्द’ एवढंच दाखवू लागतं. म्हणून वस्तूचं पान, कन्फर्मेशनचा ईमेल, पैसे गेल्याचा बँकेचा संदेश आणि रद्द करण्याचं कारण सांगणारा संदेश हे चारही त्याच दिवशी जपून ठेवावेत. कस्टमर केअरशी फोनवर वाद घालण्यापेक्षा चॅटवर किंवा ईमेलने बोलावं. कारण तुम्ही विचारलंत की पलीकडून कधी ‘स्टॉक संपला’, कधी ‘तांत्रिक अडचण’ अशी उत्तरं येतात, आणि प्रत्येक वेळी बदलणारं कारण लेखी असलं तर तुमच्याच कामी येतं.

रिफंडबद्दल लोक विचारतात, तो घेतला तर हक्क जातो का? पैसे आपोआप खात्यात येतात, ते नाकारण्याची गरज नाही. फक्त एक ईमेल करावा: ‘रक्कम मिळाली, ती मी माझा उर्वरित दावा राखून स्वीकारत आहे. मला वस्तू जाहीर किमतीला द्यावी किंवा किमतीतला फरक द्यावा.’ ५०० रुपयांचं कूपन ‘सर्व तक्रारी मिटल्या’ या अटीवर देऊ केलं, तर मात्र ते घेण्याआधी दोनदा विचार करावा.

आता मागणी कितीची करायची? करार कायद्याच्या ७३ व्या कलमाखाली एक उदाहरण दिलेलं आहे. एकाने दुसऱ्याला ५० मण सोरा ठरलेल्या दराने द्यायचं कबूल केलं आणि दिला नाही. तर वस्तू द्यायची होती त्या वेळी तसाच सोरा बाजारात ज्या दराने मिळाला असता, तो दर आणि ठरलेला दर यांतला फरक घेणाऱ्याला मिळतो. सांगलीच्या कुटुंबाला तेच मशीन गावातल्या दुकानात २३,५०० रुपयांना मिळालं. म्हणजे नुकसान २३,५०० वजा १६,९९०, अर्थात ६,५१० रुपये. साइटवरचा २४,९९० चा दर धरून ८,००० मागणं चूक ठरेल, कारण स्वस्त मिळत असेल तिथून घेऊन नुकसान कमी करणं ही आपलीही जबाबदारी आहे. दुकानाचं बिल जपून ठेवायचं. हाच आकडा दाव्याचा पाया असतो. मनस्ताप आणि खर्च त्यावर वेगळे मागता येतात. तक्रारीत मोजलेलं नुकसान न मांडता नुसते ‘मनस्तापाचे एक लाख’ मागितले, की ती तक्रार हलकी वाटू लागते.

पहिली लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याचं नाव आणि संपर्क साइटवर असावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची. ‘विक्रेता वेगळा, आम्ही फक्त मंच’ असं उत्तर आलं, तर त्याच नियमांच्या आधारे विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि ईमेल लेखी मागावा. खरेदीनंतर मागितल्यास तो देणं मंचाला बंधनकारक आहे. पुढे तक्रारीत विक्रेता आणि मंच, दोघांनाही प्रतिवादी करायचं. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, नोंद करावी. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. पण किरकोळ फरकाचे वाद पुष्कळदा तिथेच मिटण्यासारखे असतात.

तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या भरता येते. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर असेल, एक रुपयाही दिलेला नसेल, तरी तुम्ही ग्राहकच आहात; किंमत देण्याचं वचन कायद्याला पुरेसं आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी. ‘कंपनी कधीही, कोणत्याही कारणाने ऑर्डर रद्द करू शकते ही अटच अन्यायकारक ठरवा’ अशी मागणी जिल्हा आयोगात करू नये. अन्यायकारक कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगापासून पुढे सुरू होतो. जिल्ह्यात अनुचित व्यापार प्रथा आणि सेवेतील त्रुटी एवढ्यावरच भर ठेवावा.

नोटीस पोहोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि ६,५१० रुपयांसाठी तितका काळ थांबायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. ठरवायला मुदत आहे: तक्रारीचं कारण घडल्यापासून, म्हणजे ऑर्डर रद्द झाल्यापासून, दोन वर्षं.