चिठ्ठीतले ‘ते’ आणि त्यांचं क्रियापद

टेंभुर्णीला पुणे–सोलापूर महामार्गावरून पंढरपूर आणि कुर्डुवाडीकडचे रस्ते फुटतात. अशा गावातल्या एखाद्या खतांच्या दुकानात मोबाईलवर मेसेज येतो: ‘दोन पोती युरिया ठेवा. उद्या नेणार. एस. आर. पाटील.’ सकाळी गल्ल्यावर असलेल्याला दुपारी बसणाऱ्यासाठी चिठ्ठी लिहायची आहे. हे पाटील पुरुष की बाई, त्याला माहीत नाही. तो लिहितो, ‘पाटील दोन पोती ठेवा म्हणाले.’ दुपारच्या माणसाच्या डोळ्यांपुढे धोतर-टोपीतला नाही तर शर्ट-पँटमधला पुरुष उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी पोती न्यायला बाई आली तर ती ‘दुसरीच कोणी’ ठरते. चूक माहितीत नव्हती, ‘म्हणाले’ या एका क्रियापदात होती.

इंग्रजीत अशा वेळी एकाच माणसासाठी ‘दे’ वापरतात. ही आजची टूम नाही. चौदाव्या शतकापासून तसा वापर सापडतो. माणूस एक असला तरी ‘दे’बरोबर क्रियापद अनेकवचनी, ‘आर’ किंवा ‘हॅव’, असंच येतं. आपल्याला त्यात नवल वाटू नये. ‘साहेब आलेत’, ‘आजी झोपल्यात’ असं म्हणताना आपणही एका माणसाला अनेकवचनी क्रियापद देतोच. म्हणून कोणी म्हणेल, मग ‘ते’ लिहा, काम झालं. पण तसं होत नाही. आदरार्थी बोलताना मराठी वचन बदलते, लिंग सोडत नाही: ‘ते आले’, ‘त्या आल्या’. ‘सगळे आले’ म्हटलं तर त्यात बायकाही येतात हे खरं, पण ‘ते’ एकाच माणसाबद्दल आहे हे कळलं की ऐकणारा पुरुषच धरतो. कायद्यात हा प्रश्न 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 13 ने सोडवला आहे: संदर्भ वेगळा नसेल तर पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धरायच्या. पण दुपारी गल्ल्यावर बसणाऱ्याला चिठ्ठी वाचताना कलम आठवत नाही.

माझं म्हणणं असं की मराठीला नवं सर्वनाम नको. आपल्याला हवं ते ‘त्यांनी’, ‘त्यांना’ आणि ‘त्यांचा’ यांत आधीच आहे. प्रत्यय लागला की आदरार्थी ‘ते’ आणि ‘त्या’ एक होतात. शिवाय ‘त्यांनी’ आलं की भूतकाळी क्रियापद माणसाकडे न बघता वस्तूकडे बघतं: ‘त्यांनी फोन केला’, ‘त्यांनी पिशवी ठेवली’. पिशवी स्त्रीलिंगी म्हणून ‘ठेवली’; ठेवणारं कोण, ते कळत नाही. ‘येतील’, ‘येणार आहेत’, ‘येतात’ हीही दोघांना चालतात. ‘येत होते’ मात्र चालत नाही, कारण तिथे बाईसाठी ‘होत्या’ लागतं. मग पाटलांची चिठ्ठी अशी होते: ‘एस. आर. पाटील यांचा मेसेज आला. त्यांनी दोन पोती युरिया ठेवायला सांगितलंय. उद्या नेणार आहेत. त्यांना पावती द्या.’ लिहून झालं की पाटीलसाहेब धरून एकदा वाचावं, मग पाटीलताई धरून वाचावं. दोन्ही वेळा एकही अक्षर बदलावं लागलं नाही, तर चिठ्ठी बरोबर.

अडतं ते काही ठरावीक क्रियापदांपाशी. बोलणे, विसरणे, भेटणे यांना भूतकाळात ‘त्यांनी’ लागत नाही, ‘म्हणाले’लाही लागत नाही; ती कर्त्याचंच लिंग घेतात. तिथे वाक्य फिरवावं लागतं: ‘पावती विसरले’ऐवजी ‘त्यांची पावती इथे राहिली’, ‘म्हणाले’ऐवजी ‘त्यांनी सांगितलं’. येणं-जाणंही त्यातलंच. माणूस अगदीच अनोळखी असेल तर ‘कोणीतरी येऊन गेलं’ हे नपुंसकलिंगी वाक्य सहज चालतं, कारण ‘कोणीतरी’ म्हटल्यावर कोणाचा अपमान होत नाही. पण नाव कळल्यावर ‘पाटील येऊन गेलं’ लिहिणं म्हणजे माणसाला वस्तू करणं. निरोपात ‘उद्या येतो’ लिहिलं तर तेही ‘येतो’ की ‘येते’ यात अडकतं; ‘उद्या येणार’ लिहावं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: अशा भाषेत बायका दिसेनाशा होतात, ‘त्या आल्या’ हे ठणकावून लिहायला हवं. मला तो मान्य आहे, म्हणूनच माहीत असेल तिथे ‘त्या’च लिहावं. मी बोलतोय ते माहीत नसतानाच्या चिठ्ठीबद्दल, आणि तिथे बाईला पुसून टाकतं ते ‘आले’, ‘त्यांनी’ नव्हे. दुसरी अडचण मला सुटलेली नाही. ‘त्यांनी’मध्ये आदर आहे, म्हणून ते मोठ्यांनाच शोभतं. लहान पोरासाठी ‘त्याने’ की ‘तिने’ हे ठरवावंच लागतं. ‘एक मूल दप्तर विसरून गेलं’ इथपर्यंत ठीक, पण पुढच्या वाक्यात ‘त्याचं दप्तर’ म्हटलं की मुलगाच डोळ्यांपुढे येतो, कारण नपुंसकलिंगी आणि पुल्लिंगी ‘त्याचं’ दिसायला एकच. तिथे सर्वनाम गाळून नुसतं ‘दप्तर कपाटात ठेवलंय’ लिहावं.